एका ठोक्याचं एक पान

शिक्षिका : प्रथम वर्षाच्या मुलांना हृदयचक्राचं प्रकरण वाचायला दिलं की पहिल्या तासातच ती दमतात, आणि यात चूक त्यांची नाही. एऑर्टामधला दाब, डाव्या व्हेंट्रिकलमधला दाब, डाव्या एट्रियममधला दाब, व्हेंट्रिकलमध्ये किती रक्त आहे त्याचा आलेख, ईसीजी आणि हृदयाचे ध्वनी, असं सगळं एकाखाली एक रचलेली ती मोठी आकृती त्यांच्यासमोर येते. कार्ल विगर्स या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते आणि शंभर वर्षांनंतरही तिच्याइतकी चांगली दुसरी आकृती कुणी काढलेली नाही, असं माझं मत आहे. पण मुलं ती चित्र म्हणून पाठ करतात. उत्तरपत्रिकेत हुबेहूब काढतात आणि तोंडी परीक्षेत ‘एऑर्टिक झडप याच क्षणी का उघडली?’ असं विचारलं की गप्प होतात. म्हणून मी हे अख्खं प्रकरण एका पानावर आणते आहे. पानाच्या माथ्यावर एकच नियम असेल : झडपेला स्वतःची ताकद नसते, तिच्या ज्या बाजूला दाब जास्त असेल तिकडून ती ढकलली जाते. हृदयाच्या डाव्या बाजूला झडपा दोन. प्रत्येक झडप एका ठोक्यात एकदा उघडते आणि एकदा मिटते. म्हणजे घटना चार आणि त्यांच्यामधले टप्पेही चार. विद्यार्थ्याने एवढं धरून ठेवलं तर बाकीचं त्याला स्वतःला काढता यावं, अशी माझी अपेक्षा आहे.

फिजिशियन : काढता यावं, हा शब्द मला आवडला. पण संक्षेपाचा माझा अनुभव उलटा आहे. मुलं संक्षेपातून काही काढत नाहीत, संक्षेपच पाठ करतात. आधी सहा आलेख पाठ करायची, आता चार ओळी करतील. तेव्हा मॅडम, ते पान मला एकदा जसंच्या तसं सांगा. कुठे घसरायला होतं ते मग बघू.

शिक्षिका : सुरुवात मायट्रल झडप मिटण्यापासून. त्या क्षणी डावा व्हेंट्रिकल भरलेला असतो. आत साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं आणि दाब पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटरच्या घरात. स्नायू आवळायला लागतो, आतला दाब एट्रियममधल्या दाबाच्या वर जातो, मायट्रल मिटते आणि पहिला ध्वनी ऐकू येतो. आता पहिला टप्पा. मायट्रल मिटलेली आहे आणि एऑर्टिक अजून उघडलेली नाही, कारण तिच्या पलीकडे एऑर्टामध्ये ८० चा दाब आहे. रक्ताला जायला वाटच नाही, म्हणून आकारमान १२० वरच राहतं आणि दाब मात्र ०.०५ सेकंदात ८० पर्यंत चढतो. तो ८० ओलांडतो तेव्हा दुसरी घटना घडते, एऑर्टिक उघडते. दुसऱ्या टप्प्यात रक्त बाहेर पडतं, दाब १२० च्या आसपास जाऊन उतरणीला लागतो, आणि सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर गेल्यावर आत ५० उरतं. तिसरी घटना एऑर्टिक मिटण्याची, तोच दुसरा ध्वनी. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही झडपा पुन्हा बंद, आकारमान ५० वर थांबलेलं, आणि स्नायू सैल पडत असल्यामुळे दाब साधारण १०० वरून सरळ खाली येतो. तो एट्रियमच्या दाबाखाली गेला की चौथी घटना, मायट्रल उघडते. मग भरण्याचा लांबलचक टप्पा, आकारमान पुन्हा १२० होईपर्यंत. नाडी मिनिटाला ७५ असेल तर ही सगळी फेरी ०.८ सेकंदात पुरी होते. आडव्या अक्षावर आकारमान आणि उभ्या अक्षावर दाब घेतला तर याचाच एक वेडावाकडा चौकोन होतो आणि चार घटना म्हणजे त्याचे चार कोपरे. पानावर तोही आहे.

फिजिशियन : फार नेटकं आहे, आणि माझी काळजी त्या नेटकेपणाबद्दलच आहे. आता हे पान बाजूला ठेवा आणि विगर्सची आकृती घ्या. तिच्यावर पट्टी उभी धरा, म्हणजे सगळे आलेख एकाच क्षणी कापले जातील. पट्टी डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवत न्या. एऑर्टिक उघडली तिथे व्हेंट्रिकलची रेघ एऑर्टाच्या रेघेच्या किंचित वर दिसेल. ठीक, तुमचा नियम पाळला गेला. आणखी पुढे सरका. रक्त बाहेर पडण्याच्या उत्तरार्धात दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात आणि व्हेंट्रिकलची रेघ खाली जाते. फरक थोडाच असतो, पण एऑर्टामधला दाब आता जास्त असतो. तुमच्या नियमाप्रमाणे झडप याच क्षणी मिटायला हवी. ती मिटत नाही. पट्टीवर तिसरा आलेख बघा, आकारमान अजून घटतंच आहे. म्हणजे रक्त कमी दाबाकडून जास्त दाबाकडे चाललंय आणि झडप उघडी आहे. ज्या नियमावर तुम्ही पान उभं केलंत तो पहिल्याच ठोक्याच्या मध्यावर मोडला. हुशार मुलगी असेल तर ती विचारेल. हुशार नसेल ती तुमचं पान खरं धरेल आणि आकृतीतली ती छेदणारी रेघ म्हणजे छपाईची चूक समजेल.

शिक्षिका : याचं उत्तर आहे. रक्ताला वस्तुमान आहे आणि त्याला वेग मिळालेला आहे. पेडल मारणं थांबवलं तरी सायकल चढावर थोडी पुढे जातेच, तसं ते आहे. पूर्वार्धात व्हेंट्रिकलने रक्ताला जोर देऊन पुढे लोटलं. उत्तरार्धात दाबाचा फरक उलटा झाला, पण त्याने एवढंच होतं की पुढे जाणारं रक्त मंदावायला लागतं. ते थांबून मागे वळायला बघतं तेव्हा झडप मिटते. शिवाय झडपेच्या पाकळ्यांमागे एऑर्टाच्या मुळाशी जे फुगीर खिसे असतात, त्यांत रक्ताचे भोवरे होतात आणि पाकळ्यांना मधोमध यायला मदत करतात. लिओनार्दो दा व्हिंचीने हे भोवरे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चितारून ठेवले आहेत. तेव्हा नियम मोडला असं मी म्हणणार नाही. तो सांगताना मी एक पायरी गाळली, एवढंच.

फिजिशियन : गाळलेली ती पायरी लहान नाही. तुम्ही आत्ता जे बोललात त्याचा अर्थ असा की दाबाचा फरक रक्ताचा वेग ठरवत नाही, वेगातला बदल ठरवतो. हा वेगळा नियम आहे, आणि खरा नियम हाच आहे. तुमच्या पानाच्या माथ्यावर जे वाक्य आहे ते त्याचं सोपं केलेलं रूप. उघडताना ते चालून जातं, कारण रक्त तेव्हा थांबलेलं असतं. मिटताना चालत नाही, कारण रक्त वाहत असतं. आणि हे पुस्तकी बारकावे म्हणून सोडून देता येत नाहीत. माझ्याकडे आलेला विद्यार्थी स्टेथोस्कोप छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला वर ठेवतो. रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा दुसरा ध्वनी दुभंगलेला ऐकू येतो, आधी एऑर्टिक मिटते आणि मग पल्मनरी. का? उजव्या व्हेंट्रिकलचा दाब पल्मनरी धमनीच्या दाबाखाली कधीच गेलेला असतो, तरीही पल्मनरी झडप बराच वेळ रेंगाळते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या ऐसपैस असतात, त्या प्रवाहाला फारसं अडवत नाहीत, म्हणून मिळालेला वेग तिथे उशिरा संपतो. डाव्या बाजूला हे रेंगाळणं थोडं, उजव्या बाजूला जास्त. श्वास आत घेताना उजव्या बाजूला रक्त अधिक येतं आणि फुप्फुसाच्या वाहिन्या आणखी मोकळ्या होतात, म्हणून अंतर वाढतं. फक्त तुमचं पान वाचलेल्या मुलाला हे कधीही काढता येणार नाही. उलट त्याला वाटेल, उजवीकडे दाब कमी, म्हणजे सगळंच लवकर आटपत असेल.

शिक्षिका : उघडण्याच्या बाबतीत त्याला बरोबर वाटेल. पल्मनरी धमनीतला डायस्टोलमधला दाब जेमतेम १० असतो, म्हणून पल्मनरी झडप एऑर्टिकच्या आधी उघडते, हे त्याला पानावरून काढता येईल. मिटण्याच्या बाबतीत तो चुकेल, हे मान्य. मग मी असं करते. माथ्यावरचं वाक्य तसंच ठेवते आणि तिसऱ्या घटनेपाशी एक ओळ घालते : ‘दाब आधीच उलटला आहे. झडप मिटते ती प्रवाह उलटायला लागतो तेव्हा.’

फिजिशियन : घाला. पण मग चौथ्या टप्प्यापाशीही ओळ घालावी लागेल, आणि ती अधिक लांब असेल. पट्टी पुन्हा सरकवा. मायट्रल उघडली. आकारमानाची रेघ झपाट्याने वर निघाली, रक्त धो धो आत येतंय. आणि व्हेंट्रिकलच्या दाबाची रेघ? ती अजूनही खालीच चालली आहे. भांड्यात भर पडतेय आणि आतला दाब उतरतोय. तुमच्या पानावर ‘भरण्याचा टप्पा’ एवढंच असेल तर शंभरातले नव्वद विद्यार्थी समजतील की रक्त आलं म्हणून दाब वाढला असणार. मी असे पेपर तपासले आहेत. दाब आणि आकारमान दोन्हींपुढे वर जाणारे बाण काढलेले असतात.

शिक्षिका : तो बाण मीही पाहिला आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण तिथेच हृदयाबद्दलची सगळ्यात सुंदर गोष्ट हातून निसटते. आवळताना व्हेंट्रिकल स्वतःच्या निवांत आकाराहूनही लहान होतो आणि पिळवटला जातो. आवळण सुटली की तो आपल्या मूळ आकाराकडे उसळतो आणि रक्त आत ओढून घेतो. तिसऱ्या टप्प्यात झडपा बंद असतात, म्हणून सैल पडण्याचा परिणाम फक्त दाब उतरण्यात दिसतो. मायट्रल उघडल्यावरही सैल पडणं संपलेलं नसतं. स्नायू ज्या वेगाने जागा मोकळी करतो त्या वेगाने रक्त येऊ शकत नाही, म्हणून रक्त येत असतानाही दाब उतरतो. काही वेळाने सैल पडणं पुरं होतं, आणि तिथून पुढे मात्र आकारमान वाढलं की दाब वाढतो. म्हणजे एकाच टप्प्यात आधी एक नातं आहे आणि नंतर दुसरं.

फिजिशियन : आणि वॉर्डात येणारा रुग्ण नेमका या दोन नात्यांच्या सांध्यावर असतो. वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला आहे, व्हेंट्रिकलची भिंत जाड आणि कडक झालेली आहे. स्नायू आवळतो उत्तम, इकोवर इजेक्शन फ्रॅक्शन साठच्या घरात येतं, तुमच्या ७० भागिले १२० पेक्षाही चांगलं. तरीही बाई जिना चढली की धापा टाकते. कारण तिचा व्हेंट्रिकल रक्त ओढून घेत नाही. एट्रियमला ढकलावं लागतं, त्यासाठी एट्रियममधला दाब चढा राहतो आणि तो फुप्फुसापर्यंत मागे जातो. तुमच्या चौकोनाचे चारही कोपरे जवळजवळ जागच्या जागी आहेत. बिघाड आहे तो खालच्या बाजूच्या रेघेत, जिला पानावर तुम्ही एका शब्दात गुंडाळलंय. म्हणून मी म्हणतो, तो टप्पा तीन भागांत फोडा : जलद भरण, मग रक्त जवळजवळ थांबून राहतं तो मधला काळ, आणि शेवटी एट्रियम आवळून जी भर घालतो ती.

शिक्षिका : फोडते. पण मग रक्त बाहेर पडण्याचा टप्पाही जलद आणि मंद असा दोन भागांत फोडावा लागेल. तुम्ही लगेच म्हणाल ईसीजी कुठे आहे, गळ्यातल्या शिरेच्या लाटा कुठे आहेत, उजवी बाजू कुठे आहे. आठ दिवसांत माझं पान पुन्हा वीस पानांचं प्रकरण होईल. संक्षेपाला कुठेतरी ठाम नाही म्हणावं लागतं, सर. एट्रियमच्या आवळण्याचंच घ्या. बरीच पुस्तकं चक्राची सुरुवात तिथून करतात, कारण ईसीजीवर पी लहर आधी येते. त्याने मुलांची ठाम समजूत होते की एट्रियम रक्त ढकलतो म्हणून व्हेंट्रिकल भरतो. प्रत्यक्षात विश्रांतीच्या वेळी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त एट्रियम आवळण्याआधीच आत गेलेलं असतं. म्हणून मी सुरुवात मायट्रल मिटण्यापासून केली आणि एट्रियमचं आवळणं भरण्याच्या शेपटाला नेऊन ठेवलं. हे गाळणं नाही, सर. कशाला किती वजन द्यायचं, तो हा निर्णय आहे.

इथे मला, म्हणजे हे टिपणाऱ्याला, मध्ये बोलावंसं वाटतं. चक्राला सुरुवात नसते, हे दोघांनाही ठाऊक आहे. पण कागदावर पहिली ओळ असतेच, आणि विद्यार्थी पहिल्या ओळीला कारण समजतो आणि पुढच्या ओळींना परिणाम. शिक्षिकेने सुरुवातीची जागा बदलली, तेव्हा नुसता क्रम बदलला नाही, कारण कुठे आहे तेही बदललं. हा तिचा निर्णय मला या सगळ्या संवादातला सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. फिजिशियनने त्यालाही सोडलं नाही.

फिजिशियन : वजन कुणाच्या हृदयात? निरोगी, बसलेल्या, ७५ नाडीच्या माणसाच्या. ठीक आहे, मी एक रुग्ण तुमच्या पानापुढे ठेवतो आणि पान काय करतं ते बघू. पंचविशीतली बाई, सहावा महिना. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, कुणी लक्ष दिलं नाही. त्या संधिवाती तापाने मायट्रलच्या पाकळ्या कडांना चिकटल्या आणि झडप अरुंद झाली. आपल्याकडे अशा बाया गरोदरपणातच पहिल्यांदा दवाखान्यात येतात. नाडी वाढलेली, धाप, रात्री उशीवर उशी रचून बसावं लागतं. तुमचा विद्यार्थी स्टेथोस्कोप लावतो. पहिला ध्वनी ठणठणीत, दुसऱ्या ध्वनीनंतर लगेच एक बारीक ‘टक्’, आणि त्यामागे खालच्या पट्टीतली घरघर. सांगा पानावरून.

शिक्षिका : पानावरून सांगते. झडप अरुंद आहे, म्हणून रक्त पलीकडे जायला एट्रियममध्ये दाब साचतो. समजा तो १० ऐवजी २५ आहे. आता तिसरा टप्पा बघा. एऑर्टिक मिटल्यावर व्हेंट्रिकलचा दाब १०० पासून खाली येतोय. एरवी तो १० पर्यंत यावा लागला असता, तेव्हा मायट्रल उघडली असती. इथे २५ लाच दोन्ही दाब गाठ पडतात, म्हणजे मायट्रल लवकर उघडते. चिकटलेल्या पाकळ्या पुढे झेपावतात आणि झटक्याने अडतात, तोच तो ‘टक्’. एट्रियममधला दाब जितका जास्त, तितका ‘टक्’ दुसऱ्या ध्वनीच्या जवळ. म्हणून ते अंतर जितकं कमी, तितका आजार गंभीर. आता पहिली घटना. मायट्रल मिटायला व्हेंट्रिकलला १० नाही, २५ ओलांडावे लागतात. तोपर्यंत स्नायूला जोर आलेला असतो, दाब वेगाने चढत असतो, आणि एट्रियमच्या दाबाने पाकळ्या शेवटपर्यंत एकमेकींपासून दूर धरलेल्या असतात. त्या लांबून आणि जोराने येऊन मिटतात, म्हणून पहिला ध्वनी ठणठणीत. यातलं एकही वाक्य पानावर नाही, पण प्रत्येक वाक्य पानावरून निघालं. मी ‘काढता यावं’ म्हणाले ते हेच.

फिजिशियन : इथे मी हरलो असं म्हणायला मला आनंद आहे, कारण हे खरंच निघालं. पण किती निघालं आणि किती नाही तेही पाहू. पाकळ्यांत चुना साठून त्या दगडासारख्या झाल्या असतील तर ‘टक्’ही नाही आणि ठणठणीतपणाही नाही. आजार सगळ्यात वाईट आणि खुणा गायब. त्याच बाईचा रक्तदाब वाढलेला असेल तर व्हेंट्रिकलच्या दाबाला वरून खाली यायला जास्त वेळ लागेल, ‘टक्’ उशिरा येईल, आणि आजार सौम्य आहे असा भास होईल. हे दुसरं तुमच्या पानावरून काढता येतं, पहिलं येत नाही. आता नाडी. पानावर ०.८ सेकंद लिहिलेत. ७५ नाडीला त्यातले सुमारे ०.२७ सिस्टोलचे आणि ०.५३ डायस्टोलचे. नाडी २०० झाली तर चक्र ०.३ सेकंदाचं, त्यात सिस्टोल ०.१६ आणि डायस्टोल ०.१४. २०० हा टोकाचा आकडा आहे, ही बाई त्याच्या अलीकडे कुठेतरी असेल, पण हिशेब त्याने स्पष्ट होतो. मिनिटाला ७५ गुणिले ०.५३ म्हणजे सुमारे ४० सेकंद भरायला मिळत होते. आता २०० गुणिले ०.१४, म्हणजे २८. तेवढंच रक्त ४० ऐवजी २८ सेकंदांत अरुंद झडपेतून न्यायचं तर प्रवाह १.४ पट हवा. अरुंद भोकातून प्रवाह वाढवायचा तर दाबाचा फरक त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १९५१ मध्ये आलेल्या गॉर्लिन सूत्राचा गाभा हाच आहे. १.४ चा वर्ग जवळजवळ २. म्हणजे झडपेपाशी १० चा फरक होता तो २० झाला, आणि व्हेंट्रिकलचे ५ धरले तर एट्रियम १५ वरून २५ वर गेला. फुप्फुसात पाणी उतरायला लागतं ते याच सुमाराला. गरोदरपणात मुळात रक्ताचा प्रवाह वाढलेला, तो वेगळाच. म्हणून अशा बाईला आम्ही नाडी मंद करणारं औषध देतो. झडप तेवढीच अरुंद राहते, पण तिला वेळ मिळतो.

शिक्षिका : म्हणजे वेळेचे आकडे पानावर हवेतच, असं तुमचं म्हणणं आहे. मी ते काढून टाकणार होते. मुलं ०.०५, ०.१, ०.३ अशी माळ पाठ करतात आणि नाडी बदलली की तीच माळ पुन्हा लिहितात.

फिजिशियन : माळ नको. एक गोष्ट हवी : नाडी वाढली की डायस्टोल जास्त आकसतो, सिस्टोल कमी. आणि दुसरी. हिची नाडी नुसती जलद नसेल, अनियमितही असेल. एट्रियम ताणून ताणून थरथरायला लागला असेल. मग तुम्ही शेपटाला नेऊन ठेवलेलं एट्रियमचं आवळणं तिच्यात उरलेलंच नाही. तुमच्या आणि माझ्या हृदयात त्याला कमी वजन दिलंत ते बरोबर. तिच्या हृदयात भरायला वेळ नाही, झडप अरुंद आहे, आणि शेवटचा तो धक्का जायच्या आधी बरंच काही त्याच्यावर टेकलेलं होतं. वजन रुग्णागणिक बदलतं आणि पान एकच वजन छापतं.

शिक्षिका : हा आक्षेप मला खोडता येत नाही. एक पान एकाच हृदयाचं असतं, हे मला मान्य करावंच लागेल. त्याच्याही पलीकडचं एक गृहीतक माझ्या पानात आहे, ते मीच सांगते. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात आकारमान बदलत नाही असं मी लिहिलंय. ते खरं आहे, पण झडप मिटली म्हणजे गळत नाही असं धरूनच. मायट्रल गळत असेल तर व्हेंट्रिकलचा दाब एट्रियमच्या वर जाताच रक्त मागे सुटतं, एऑर्टिक उघडण्याच्या कितीतरी आधी. पहिला टप्पा नावालाही उरत नाही, चौकोनाची उजवी उभी बाजू कलते. एऑर्टिक गळत असेल तर तिसऱ्या टप्प्यातच एऑर्टामधून रक्त परत येऊन आकारमान वाढायला लागतं आणि डावी बाजू कलते. माझे चार टप्पे म्हणजे दोन सुदृढ झडपांचे टप्पे आहेत. पण सर, हे मला सांगता आलं, कारण कोपरे आणि बाजू आधी पक्क्या होत्या. उभी बाजू कलली हे कळायला ती मुळात उभी का होती ते माहीत असावं लागतं. विगर्सची आकृती पहिल्याच दिवशी समोर ठेवली असती तर मुलाला काय कलतंय हेच कळलं नसतं.

फिजिशियन : म्हणून माझं म्हणणं असं की क्रम उलटा करा. आधी पट्टी आणि आकृती. दीडशे मुलांच्या बॅचला छोट्या गटांत बसवा, प्रत्येकाने पट्टी सरकवत दर थांब्यावर सगळे आलेख वाचायचे आणि झडपांची स्थिती स्वतः लिहायची. मग पान त्यांनी करायचं. तुम्ही केलेलं पान उत्तम आहे, पण ते करताना जे जे टाकून द्यावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. छेदणाऱ्या रेघा तुम्ही टाकल्या, कारण का टाकायच्या ते तुम्हाला कळलं होतं. मुलाला पान आयतं मिळालं तर त्याच्या लेखी त्या रेघा कधी नव्हत्याच.

शिक्षिका : आणि पट्टी सरकवताना त्याने काय शोधायचं? हातात नियमच नसेल तर त्या छेदणाऱ्या रेघेशी तो थांबेल कशाला? तुम्ही मघाशी म्हणालात, नियम पहिल्याच ठोक्यात मोडला. मोडला हे तुम्हाला दिसलं, कारण तुमच्याकडे मोडण्यासारखा नियम होता. मी पान आधी देईन आणि पट्टी दुसऱ्या दिवशी, आणि सांगेन : या पानाशी न जुळणाऱ्या दोन जागा आकृतीत आहेत, त्या शोधून आणा. एक रक्त बाहेर पडताना, एक आत येताना.

फिजिशियन : दोन आहेत हे सांगितलंत म्हणजे पुढच्या बॅचला त्या दोन जागा वरच्या वर्गाच्या वह्यांतून मिळणार. आणि माथ्यावरचं वाक्य? दाबाचा फरक वेगात बदल घडवतो, हे खरं वाक्य तिथे येणार की नाही?

शिक्षिका : पहिल्या दिवशी नाही. ते वाक्य पहिल्या दिवशी दिलं तर मायट्रल का उघडली हे सांगायलाही मुलं अडखळतील.

फिजिशियन : आणि पहिल्या दिवशी दिलं नाही तर दुभंगलेला दुसरा ध्वनी माझ्याकडे तिसऱ्या वर्षी आल्यावर मला पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो. मी मागच्याच आठवड्यात एका मुलीला विचारलं, पल्मनरी उशिरा का मिटते. ती म्हणाली, उजवीकडे दाब कमी असतो म्हणून. तुमचाच नियम होता, मॅडम, आणि तिने तो प्रामाणिकपणे वापरला होता.

शिक्षिका : तिने तो वापरला, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिचं उत्तर चुकलं, पण कुठे चुकलं ते तुम्हाला लगेच कळलं आणि तिला एका वाक्यात सांगता आलं. तुम्ही तिला काय सांगितलंत?

फिजिशियन : सांगितलं की दाब कमी असल्याने ती लवकर उघडते, मिटण्याचं कारण वेगळं आहे. तिने विचारलं, एकाच झडपेला दोन नियम कसे?

शिक्षिका : मग?

फिजिशियन : नियम एकच आहे म्हणालो, आणि पट्टी काढली. पण तिच्या आकृतीत उजव्या बाजूचे आलेखच नव्हते.